मूलभूत हक्कांचे रोजचे उजळणी-संदेश: पहिल्या नऊ दिवसांची नोंद

घटक: राज्यघटना, भाग 3, कलम 12 ते 35. ठिकाण: एमपीएससीच्या तयारीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ठरलेले संदेश 16, तयार 9.

पहिला आराखडा नोट्सच्या क्रमानेच होता: आज कलम 14, उद्या 15, परवा 16. तो तिसऱ्या दिवशीच मोडीत काढला. कारण साधं आहे. कलम 15 सुटं वाचलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. घोळ होतो तो 15 आणि 16 शेजारी ठेवल्यावर, आणि परीक्षेतला प्रश्नही तिथेच येतो. म्हणून आता कलमांची यादी बाजूला ठेवली आणि नोट्समधून फक्त 'गल्लत होणाऱ्या जोड्या' उचलल्या. एका जोडीला एक संदेश.

15-16 ची जोडी कशी बसवली ते पूर्ण देतो. 15(1) मध्ये भेदभावाला मनाई करणारे आधार पाच: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. 16(2) सरकारी नोकरीपुरतं आहे आणि तिथे आधार सात: हेच पाच, शिवाय कूळ आणि निवास. पहिल्या मसुद्यात या दोन्ही याद्या टाकून 'फरक ओळखा' असं विचारलं होतं. उत्तर समोरच असल्यावर ओळखायचं काय? शिवाय वंश आणि कूळ एकच, असं समजून बरेच जण सहाच मोजतात. इंग्रजी नोट्स वाचणाऱ्यांसाठी 'रेस' म्हणजे वंश आणि 'डिसेंट' म्हणजे कूळ, हे उत्तरात लिहावंच लागतं.

अखेर सकाळचा संदेश असा झाला:

```
*हक्क-04*
राज्य शासनाच्या एका पदासाठी "त्याच राज्याचा
रहिवासी हवा" अशी अट कायद्याने घालायची आहे.
हा कायदा कोण करेल: विधिमंडळ की संसद?
कलम व उपकलम वहीत लिहा. उत्तर रात्री 9 ला.
```

रात्रीचं उत्तर सकाळच्याच संदेशाला रिप्लाय म्हणून जातं, म्हणजे नंतर चॅट चाळताना जोडी तुटत नाही: 'संसद, 16(3). निवास हा आधार 16(2) मध्ये आहे, 15(1) मध्ये नाही. म्हणून अपवादही 16 मध्येच ठेवला आहे.' उत्तरात 'म्हणून'ने सुरू होणारं एक वाक्य हवंच. नुसता कलमाचा आकडा दिला तर चार दिवसांत पुसला जातो.

'वहीत लिहा' हे मुद्दाम घातलं आहे. आधी पोल टाकत होतो, पण पोलमध्ये कोणाला किती मतं पडली ते लगेच दिसतं. पहिल्या दोघांनी चुकीचा पर्याय दाबला की मागचे तिकडेच जातात. हे ओळखणं सोपं आहे: मतं एकगठ्ठा पडतात आणि कारण विचारलं तर शांतता. पोल आता उत्तर दिल्यानंतर जातो आणि त्यात प्रश्न एकच: कुठे अडलं? 'कलम चुकलं', 'उपकलम चुकलं', 'संसद-विधिमंडळ चुकलं'. ज्यावर जास्त मतं, तो भाग तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी परत, शब्द बदलून. तोच मजकूर पुन्हा टाकला तर लोक प्रश्न न वाचताच उत्तर आठवतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो हक्क-07 ला. नोट्समध्ये एकच ओळ होती: 'आणीबाणीत मूलभूत हक्क निलंबित होतात.' ती तशीच संदेशात गेली असती तर चूक सगळ्या ग्रुपभर पसरली असती. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनंतर 358 प्रमाणे कलम 19 आपोआप दूर होतं ते फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या आणीबाणीत. सशस्त्र उठावाच्या कारणावरून लागलेल्या आणीबाणीत तसं होत नाही. इतर हक्कांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याची मुभा स्थगित करायला 359 खाली राष्ट्रपतींचा आदेश लागतो, आणि त्या आदेशालाही 20 व 21 ला हात लावता येत नाही. हे सगळं एका संदेशात कोंबलं तर 'आणखी वाचा'च्या खाली जातं आणि तिथवर फारसं कोणी जात नाही. म्हणून दोन केले: 07 मध्ये 358, 08 मध्ये 359. तुलना दहाव्या दिवशी.

किरकोळ: ठळक अक्षरांसाठीचा तारा आणि शब्द यांच्यात जागा राहिली तर तारे तसेच दिसतात. नोट्समधून कॉपी केल्यावर हे हमखास होतं. आकडेही एकाच पद्धतीने लिहा. कुठे 16, कुठे १६ असलं तर चॅटमध्ये शोधताना काही संदेश निसटतात.

उरलेल्या सातांत न्यायादेशांच्या जोड्या आहेत. प्रतिषेध आणि उत्प्रेषण यांचा प्रश्न अजून जमलेला नाही: खालच्या न्यायालयाचा निकाल लागला आहे की नाही, एवढंच विचारावं, असा सध्याचा विचार आहे.