कंबोडियातला सुरुंग, ज्याला बॅटरीच लागत नाही

सिएम रीपला बहुतेक लोक जातात तसे आम्हीही अंगकोर वाट बघायला गेलो होतो. तिसरा दिवस मात्र मी हट्टाने वेगळा काढला. बांतेय स्रेई मंदिराच्या वाटेवर, शहरापासून साधारण 25 किलोमीटरवर, सुरुंगांचं एक छोटं संग्रहालय आहे. ते आकी रा या माणसाने उभं केलं. ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेने त्याला लहानपणी सैनिक बनवलं, पुढे तो व्हिएतनामी सैन्याकडे गेला आणि तिथे वर्षानुवर्षं त्याने सुरुंग पेरले. लढाई थांबल्यावर काठी आणि चाकू घेऊन तेच सुरुंग उकरून काढायला लागला.

निकामी केलेल्या सुरुंगांचा तिथे ढीगच आहे. माझी नजर हिरव्या रंगाच्या एका चपट्या डब्यावर खिळली. बारा सेंटिमीटर रुंद, वर काळ्या रबराची फुली. सोव्हिएत बनावटीचा पीएमएन-2. पाय पडला की आतला अडसर सरकतो, ताणलेल्या स्प्रिंगचा खिळा सुटून डिटोनेटरवर आपटतो. एवढंच यंत्र. त्यात बॅटरी नाही, त्यामुळे संपायचं काही नाही. डबा प्लॅस्टिकचा, म्हणून गंज नाही. आतली टीएनटीसारखी स्फोटकं जमिनीत चाळीस वर्षं राहिली तरी बहुतेक वेळा तशीच असतात. स्प्रिंग आधी थकेल की स्फोटक, हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक सुरुंग जिवंतच धरायचा.

हे पेरले कसे, ते समजल्यावर मला जास्त हादरा बसला. 1985 च्या सुमारास व्हिएतनामच्या पाठबळावरच्या सरकारने ख्मेर रूजला रोखायला थायलंडच्या सीमेवर के-5 नावाची योजना राबवली. गावोगावच्या लोकांना वेठीला धरून जंगल तोडलं आणि लांबच लांब पट्ट्यात सुरुंग पुरले. खड्डा बोटभर खोल, वर माती, मातीवर पाला. दुसऱ्या बाजूचे सैनिकही आपल्या छावण्यांभोवती, पायवाटांवर, पाणवठ्यांजवळ पुरत होते. एक फौज मागे हटली की दुसरी तिथेच आपले पुरायची. नकाशे काढले नाहीत, काढले ते हरवले, आणि ज्यांच्या डोक्यात जागा होत्या ते मेले. वर पावसाळी पूर! पाण्यासोबत सुरुंग सरकतो, गाळाखाली खोल जातो किंवा नेमका कुणाच्या बांधाला येऊन लागतो.

दुपारी शहरातल्या, सुरुंग हुडकणाऱ्या अपोपो संस्थेच्या केंद्रात गेलो. गाईड तिशीतली, आवाज शांत. तिने आधी माणसाची पद्धत दाखवली. मीटरभर रुंदीची पट्टी आखायची, झुडपं हाताने कापायची, आडवी तार नाही ना ते बघायचं, मग मेटल डिटेक्टर फिरवायचा. आवाज आला की गुडघ्यावर बसून, समोरून नव्हे तर बाजूने, माती थोडी थोडी काढत जायचं, कारण सुरुंगाचा वरचा भाग दाबला जाता कामा नये. सापडला की शक्यतो उचलायचा नाही, शेजारी स्फोटक ठेवून जागेवरच उडवायचा. खरा वेळ जातो तो इतर आवाजांत. लढाईच्या जमिनीत गोळ्यांची टोपणं, खिळे, छर्रे भरलेले असतात. डिटेक्टर सगळ्यांनाच हाक मारतो, आणि प्रत्येक हाकेला सुरुंग समजूनच उकरावं लागतं.

म्हणून उंदीर. टांझानियात शिकवलेला आफ्रिकन उंदीर, आपल्या घुशीपेक्षा बराच मोठा, गालात थैल्या असलेला. तो धातू शोधत नाही, टीएनटीचा वास घेतो, त्यामुळे खिळ्यांकडे ढुंकूनही बघत नाही. दोन माणसांनी पट्टीच्या दोन टोकांना उभं राहून दोरी ताणली, उंदराच्या अंगावरचा पट्टा त्या दोरीवर सरकत होता. तो नाक जमिनीला टेकवून इकडून तिकडे गेला, वळला, मध्येच थबकला आणि पुढच्या पंजांनी माती खरवडू लागला. तिथे टीएनटीचा नमुना पुरलेला होता. चुटकीसारखा 'टक्' आवाज झाला, आणि त्याला केळं मिळालं. अंगाने इतका हलका की त्याच्या पायाने सुरुंग उडत नाही. टेनिस कोर्टाएवढी जागा तो अर्ध्या तासात हुंगतो, डिटेक्टरवाल्याला त्याला चार दिवस लागू शकतात. पण दाट झाडीत त्याचा उपयोग नाही, आणि ऊन चढलं की काम बंद, म्हणून पहाटेच सुरुवात. त्याच्या कानाशेपटीला सनस्क्रीन लावतात. त्याने खुणावलेल्या जागी पुन्हा माणूसच गुडघ्यावर बसतो. या उंदरांपैकी मगावा नावाच्या एकाला 2020 मध्ये ब्रिटनमधल्या पीडीएसए या प्राणिसेवी संस्थेचं शौर्यपदक मिळालं.

1996 या एका वर्षात कंबोडियात सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्याचे 4,320 बळी, जखमी धरून, नोंदले गेले. अलीकडच्या वर्षांत हा आकडा शंभराच्या आत आला आहे. निघताना मी गाईडला विचारलं, आताचे अपघात कुठे होतात? मला वाटलं जंगलात. ती म्हणाली, कसलेल्या शेतातही. रणगाड्यासाठी पुरलेला सुरुंग माणसाच्या वजनाने उडत नाही. घरचे लोक त्यावरून वर्षानुवर्षं चालतात, भात लावतात, काढतात. मग एके दिवशी घरात ट्रॅक्टर येतो.