पहिलं इंजेक्शन वेगळं का येतं: ग्रेडियंट एचपीएलसीचा माझा अनुभव

प्रेशर स्थिर झालं, बेसलाइन सपाट आली, आता लाव इंजेक्शन. ग्रेडियंट शिकताना हा सल्ला मला प्रत्येकाने दिला आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्यानेच खाल्ला. आयसोक्रॅटिकमध्ये तो बहुतेक वेळा चालून जातो. ग्रेडियंटमध्ये दोन रनच्या मधल्या इक्विलिब्रेशनला तो लावला तर फसतो.

मेथड अगदी साधी होती. सी-१८ कॉलम, १५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉनचा. फ्लो मिनिटाला १ मिली. मोबाइल फेज ए म्हणजे १० मिलीमोलर फॉस्फेट बफर: एक लिटर पाण्यात १.३६ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ऑर्थोफॉस्फोरिक अॅसिडने पीएच २.५. बी म्हणजे अॅसिटोनायट्राइल आणि पाणी, ७०:३०. ग्रेडियंट २० मिनिटांत १० टक्के बीपासून ९० टक्क्यांपर्यंत, २ मिनिटं तिथेच, मग परत १० टक्क्यांवर आणि ५ मिनिटं इक्विलिब्रेशन.

बी मध्ये मुद्दाम पाणी ठेवलं आहे. अॅसिटोनायट्राइलचं प्रमाण फार वाढलं की फॉस्फेट खाली बसतं आणि ते पंपात किंवा कॉलमच्या तोंडाशीच बसतं. इथे शेवटीसुद्धा अॅसिटोनायट्राइल ६३ टक्क्यांवर थांबतं.

पहिल्या इंजेक्शनला सुरुवातीचा पीक ४.६२ मिनिटांना आला. दुसऱ्याला ४.३१, तिसऱ्याला ४.३०, पुढे सगळे तसेच. १४.८ मिनिटांचा पीक मात्र सहाही रनमध्ये जागचा हलला नाही. मध्ये एक व्हायल ठेवायला सीक्वेन्स २५ मिनिटं थांबवला, तर पुढच्या इंजेक्शनला पीक पुन्हा ४.६ वर. सॉफ्टवेअरची ओळखायची खिडकी अरुंद होती, त्यामुळे पीक समोर दिसत असून अहवालात 'आढळला नाही'. कॉलम गेला, बदला, असं सांगणारे लगेच भेटले. कॉलमला काहीही झालेलं नव्हतं.

आधी हवेवर संशय गेला आणि तो तपासणं बरोबरच होतं. लो-प्रेशर मिक्सिंगच्या पंपात ए आणि बी पंपाच्या आधी एकत्र येतात. पाण्यात आणि अॅसिटोनायट्राइलमध्ये वेगवेगळी असताना जेवढी हवा विरघळून राहते तेवढी मिश्रणात मावत नाही, म्हणून बुडबुडे नेमके मिसळण्याच्या जागी सुटतात आणि चेक व्हॉल्व्हमध्ये अडकतात. पण मग पिस्टनच्या ठोक्याबरोबर प्रेशर ठरावीक तालात खाली-वर होतं, खरा फ्लो कमी पडतो आणि लवकरचे-उशिराचे सगळेच पीक मागे सरकतात. माझ्याकडे प्रेशरची रेघ शांत होती आणि फक्त सुरुवातीचा पीक हलत होता, तोही पुढे, म्हणजे लवकर. ही खूण पक्की लक्षात ठेवा. सगळे पीक उशिरा येत असतील तर हवा किंवा गळती शोधा. फक्त लवकरचे पीक हलत असतील तर इक्विलिब्रेशनकडे बघा.

कारण असं. ९० टक्के बीच्या टोकाला कॉलममध्ये शिरलेलं अॅसिटोनायट्राइल १० टक्क्यांवर आल्याबरोबर निघून जात नाही. सी-१८ च्या थरात ते रेंगाळतं. त्यावर पुढचं इंजेक्शन पडलं की कमी धरले जाणारे घटक लवकर सुटतात. उशिराचे घटक ग्रेडियंट बराच वर जाईपर्यंत कॉलमच्या तोंडाशी थांबलेले असतात, त्यांना फरक पडत नाही. पहिल्या इंजेक्शनआधी कॉलम अर्धा तास १० टक्क्यांवर चालला होता, म्हणून तोच एकटा वेगळा. प्रेशर सांगतं ते वाहत्या द्रवाच्या दाटपणाबद्दल. ते दोन-तीन मिनिटांत जागेवर येतं. थरात काय उरलंय ते प्रेशरला कळत नाही.

आता माझ्या ५ मिनिटांचा हिशोब. ४.६ मिमीची रिकामी नळी जवळपास २.५ मिली, त्यातली द्रवाची जागा साधारण १.५ मिली. हा एक कॉलम व्हॉल्यूम. त्याशिवाय मिक्सिंगच्या जागेपासून कॉलमपर्यंतचं ड्वेल व्हॉल्यूम असतं. ते मोजायला कॉलमच्या जागी थोडा अडथळा देणारी बारीक नळी लावली, ए मध्ये नुसतं पाणी, बी मध्ये ०.१ टक्का अॅसिटोन घातलेलं पाणी, २० मिनिटांत ० ते १०० टक्के, २६५ नॅनोमीटर. सिग्नल निम्म्यावर यायला हवा १० मिनिटांना. आला ११.१ ला. म्हणजे १.१ मिली. ५ मिनिटांतली पहिली १.१ मिनिटं जुनं मिश्रण पुढे ढकलण्यातच गेली आणि मिक्सर पूर्ण धुवायला त्याच्या दुपटीने द्रव लागतो. कॉलमला उरले जेमतेम दोन व्हॉल्यूम. पूर्ण इक्विलिब्रेशनसाठी दहा धरतात: १५ मिली आणि वर ड्वेलचे दोन-सव्वादोन, म्हणजे सतरा मिनिटं.

प्रत्येक वेळी सतरा मिनिटं द्यावीच लागतात असं नाही. ५, १०, १५ आणि २० मिनिटं देऊन तेच द्रावण तीन-तीनदा टोचा आणि फक्त पहिला पीक बघा. माझ्याकडे १० नंतर फरक उरला नाही, म्हणून १० ठेवली. दुसरी वाट म्हणजे इक्विलिब्रेशन अपुरं राहू द्यायचं, पण दर वेळी तंतोतंत तेवढंच. दुसऱ्या इंजेक्शनपासूनचे आकडे जुळत होते ते यामुळेच. मग सीक्वेन्सच्या सुरुवातीला पूर्ण ग्रेडियंटचे एक-दोन ब्लँक टाका आणि मध्ये थांबावं लागलं तर पुन्हा एक ब्लँक. ऑटोसॅम्पलरची सुई धुण्याची वेळसुद्धा सगळ्या व्हायलना सारखी ठेवा. ती वाढली की कॉलम तेवढा जास्त वेळ १० टक्क्यांवर चालतो.

इक्विलिब्रेशनपुरता फ्लो १.५ करूनही वेळ वाचतो. पण १० टक्के बीला द्रव जास्त दाट असतो, तेव्हा प्रेशरची मर्यादा बघून करा आणि इंजेक्शनआधी फ्लो १ वर स्थिरावू द्या.

बी बनवण्याबद्दल सांगायचं राहिलं. ७०० मिली अॅसिटोनायट्राइल आणि ३०० मिली पाणी वेगवेगळं मोजून एकत्र करा. सिलिंडरमध्ये एकावर एक ओतून हजाराची रेघ गाठू नका, कारण मिसळल्यावर आकारमान घटतं आणि भर घातली की प्रमाण बिघडतं. ओतल्याबरोबर बाटली हाताला गार लागते. ती खोलीच्या तापमानाला येताना आतल्या काचेवर बारीक बुडबुडे धरतात. डीगॅसिंग त्यानंतर करा. नुसत्या सोनिकेटरने हवा थोडीच निघते, सोबत व्हॅक्यूम लावा आणि पंपाचा ऑनलाइन डीगॅसर चालू ठेवा. ए चं पीएच बफरमध्येच जुळवा, मग ०.४५ मायक्रॉनच्या पाणी धरणाऱ्या फिल्टरमधून गाळा.

आणि दिवस संपताना कॉलम बफरवरून थेट शुद्ध अॅसिटोनायट्राइलवर नेऊ नका. आधी १० टक्के अॅसिटोनायट्राइलच्या साध्या पाण्याने १५-२० मिली धुवा, ए ची लाइनही पाण्याने भरून घ्या, मगच ७० टक्क्यांवर नेऊन बंद करा.