उद्गारचिन्हं काढली आणि मेसेजची नोटीस झाली

उद्गारचिन्हं आणि इमोजी खोडायला दोन मिनिटं लागतात. त्यानंतर जो मजकूर उरतो तो मात्र वाचवत नाही, आणि माझी चिडचिड तिथूनच सुरू होते. "क्लायंटला लिहिताना जरा बेतानं लिहा" असं सगळे सांगतात. खोडून झाल्यावर उरलेल्या कोरड्या ठणठणीत ओळींचं काय करायचं, ते कोणी सांगत नाही. म्हणून इथे एकच मेसेज घेऊन बसते.

प्रसंग साधा आहे. वेबसाईटचं होमपेज सोमवारी द्यायचं ठरलं होतं, ते बुधवारी तयार झालं. क्लायंट चार-सहा महिन्यांच्या ओळखीच्या, बोलायला मोकळ्या. पहिला खर्डा असा:

"हाय मॅडम!! 😊😊 सॉरी सॉरी, थोडं लेट झालं!!! फायनली होमपेज रेडी आहे 🎉🔥 एकदम कडक झालंय! जरा बघून घ्या ना आणि फटाफट फीडबॅक टाका 🙏🙏 उद्यापर्यंत मिळाला तर भारीच!! 😅"

मोजलं तर आठ उद्गारचिन्हं आणि सात इमोजी. बोलीतले शब्द चार: फायनली, कडक, फटाफट, भारीच. हे सगळं काढून, सुधारायचं म्हणून सुधारलेला दुसरा खर्डा:

"नमस्कार मॅडम. होमपेजचे डिझाईन तयार आहे. झालेल्या विलंबाबद्दल दिलगिरी. कृपया पाहून अभिप्राय द्यावा. उद्यापर्यंत कळवावे."

यात चूक एकही नाही, आणि तरी वाचणाऱ्याला वाटेल की आपलं काहीतरी थकलंय. बहुतेक जण इथे घाबरतात आणि शेवटी एक 😊 परत चिकटवतात. मग वर नोटीस आणि खाली हसरा चेहरा असं विचित्र जोडकाम तयार होतं, आणि ते पहिल्यापेक्षाही वाईट दिसतं.

गाडी अडते ती इथेच, कारण खोडलेलं प्रत्येक चिन्ह काहीतरी काम करत होतं. ते काम कुठल्या शब्दानं करायचं हे न ठरवता चिन्ह उडवलं की त्या जागी भोक पडतं. त्यामुळे मी आता खोडण्याआधी प्रत्येक इमोजीला विचारते, बाबा, तू इथे कशासाठी उभा आहेस?

शेवटचा 😅 सगळ्यात बोलका आहे. आपल्याकडून दोन दिवस उशीर झाला आणि समोरच्या बाईंना उत्तरासाठी एकच दिवस दिला, ही अवघडलेली गोष्ट तो झाकत होता. याला शब्द शोधण्यात अर्थ नाही, मुदतच बदलायला हवी. शुक्रवार संध्याकाळ केली की लाजण्याचं कारण संपतं आणि इमोजी आपोआप गळतो. जिथे 😅 टाकावासा वाटतो, तिथे बहुधा मागणीच थोडी अन्यायाची असते. हे एकदा लक्षात आलं की हात आपसूक थांबतो.

🙏🙏 म्हणजे काकुळती. "बघा ना, प्लीज" म्हणण्याऐवजी बघण्याचं ओझं कमी करणं जास्त उपयोगाचं. "फीडबॅक टाका" म्हटल्यावर नेमकं कशावर बोलायचं ते समोरच्याला कळत नाही, म्हणून उत्तर लांबतं. "रंग, फोटोंचा क्रम आणि वरचा मजकूर, एवढ्या तीनच गोष्टी" असं लिहिलं की काम दहा मिनिटांचं दिसतं. हात जोडण्यापेक्षा यात समोरच्याच्या वेळेची जाण जास्त आहे.

🎉🔥 आणि "कडक" यांचं काम अभिमान दाखवण्याचं. पण "कडक" शब्दातून डिझाईनबद्दल क्लायंटला काहीच कळत नाही. त्यांनी मागे मोठे फोटो मागितले होते, तसे घेतले असतील तर तेच सांगावं. आपलं म्हणणं लक्षात ठेवलं गेलं, हे वाचून जे बरं वाटतं ते फटाक्यांच्या चित्रानं वाटत नाही. "फायनली"चं दुखणं वेगळंच आहे. त्यातून "सुटलो एकदाचे" असा सूर निघतो, म्हणजे काम नकोसं झालं होतं हे आपणच सांगून टाकतो.

सुरुवातीचे 😊😊 निव्वळ नमस्कारापुरते. "नमस्कार मॅडम" आणि स्वल्पविराम, बस्स. स्वल्पविरामानं वाक्य पुढे चालू राहतं. पूर्णविराम दिला की दार लोटल्यासारखं होतं.

एवढं झाल्यावरही मेसेज थंड वाटत असेल, तर दोष क्रियापदांत असतो. मराठीत आपुलकी आणि अंतर दोन्ही क्रियापदाच्या शेपटीत बसलेलं असतं. "कळवावे" हे कार्यालयाचं रूप, त्यात बोलणारं माणूसच दिसत नाही. "कळवा" सरळ आहे; ओळखीत चालतं, पण उशीर आपल्याकडून झालेला असताना हुकमासारखं लागतं. "कळवा ना" लाडिक होतं आणि "कळवा हो" म्हणजे मागे लागणं. "कळवाल का?" मध्ये मागणी स्पष्ट राहते आणि नाही म्हणायलाही जागा राहते. "कळवता येईल का?" आणखी एक पाऊल मागे जातं, जिथे खरोखर अडचण असू शकते तिथेच ते वापरावं, नाहीतर भिडस्त वाटतं. मी या मेसेजला "कळवाल का" घेतलं.

छोट्या शब्दांकडेही बघावं लागतं. "जरा" एकटा आला तर मऊपणा आणतो, पण "जरा लवकर" म्हटलं की लगेच टोचतो. "उद्याच" मधला "च" एका अक्षरात मुदत आवळतो. "मेल बघितलात ना?" मधल्या "ना"ला हजेरी घेतल्याचा वास येतो. "आपण"च्या बाबतीत तर गोंधळ होतोच, कारण तो आदरार्थी "तुम्ही" आहे आणि "तुम्ही-आम्ही मिळून"ही. "आपण मजकूर तपासून घेऊ" हे सोबतीचं, "आपण मजकूर तपासून घ्यावा" हे अंतराचं. एका मेसेजमध्ये दोन्ही आले की वाचणारा बुचकळ्यात पडतो. मी क्लायंटसाठी "तुम्ही" ठेवते आणि "आपण" फक्त दोघांनी करायच्या कामाला वापरते.

आणि सगळ्यात मोठी गल्लत म्हणजे बोलीतले शब्द काढताना लोक बोलीची रूपंही काढून टाकतात. "झालं, पाठवलं, वाटतंय" याचं "झाले, पाठविले, वाटत आहे" करतात आणि डिझाईनला "आराखडा" म्हणायला लागतात. "कडक" आणि "भारी" गेले तरी चालतं. "झालं" जाऊ देऊ नये. तो अनुस्वार माणूस बोलतोय याची खूण आहे, आणि त्यासाठी एकही चिन्ह खर्चावं लागत नाही. फक्त एका परिच्छेदात "झालं" आणि दुसऱ्यात "केले आहे" अशी सरमिसळ नको. क्लायंट स्वतः "केले आहे" असं लिहीत असतील, तर आपणही तसंच लिहावं. डिझाईन, फोटो, मेन्यू हे रोजचे शब्द तसेच राहू द्यावेत.

शेवटी पाठवायचा मेसेज असा बनला:

"नमस्कार मॅडम,
होमपेजचं डिझाईन सोबत पाठवलं आहे. सोमवारी द्यायचं ठरलं होतं, दोन दिवस उशीर झाला, त्याबद्दल सॉरी. मोबाईलवर मेन्यू नीट उघडत नव्हता, तो दुरुस्त करूनच पाठवायचं ठरवलं.
तुम्ही सांगितलं होतंत तसे फोटो मोठे घेतले आहेत. पान आता खूप मोकळं वाटतंय, आम्हालाही आवडलं!
रंग, फोटोंचा क्रम आणि वरचा मजकूर, एवढ्या तीन गोष्टी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाहून कळवाल का? म्हणजे पुढची पानं सोमवारी सुरू करता येतील. काही शंका वाटली तर फोन करा, आपण बोलू."

"सॉरी" मुद्दाम ठेवला आहे. एकदाच आला की तो प्रामाणिक वाटतो, दोनदा आला की उडवाउडवी. "दिलगिरी" या ओळखीत परकी वाटली असती. उद्गारचिन्हही एक उरलं आहे. शाळेत केवलप्रयोगी अव्ययांच्या धड्यात "अरेरे!" आणि "शाब्बास!" पुढे ते शिकवतात, आणि तीच कसोटी इथे लावता येते: मोठ्यानं वाचताना आवाज खरंच वर जातो का? "आम्हालाही आवडलं" म्हणताना जातो. माफी, तारीख आणि पैसे यांच्या वाक्यात जात नाही, म्हणून तिथे ते कधीच देऊ नये. "बिल पाठवलं आहे!" वाचून कोणाला आनंद होणार?

हे आधी सांगायला हवं होतं: पहिला खर्डा चॅटच्या चौकटीत लिहू नका. चुकून पाठवला जातो, आणि कीबोर्ड शब्दागणिक इमोजी सुचवत राहतो तो वेगळाच. नोट्समध्ये लिहून मग चिकटवा. गेलाच, तर व्हॉट्सअ‍ॅपवर 15 मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण त्यावर दुरुस्त केल्याची खूण राहते. जीमेलमध्ये पाठवणं मागे घ्यायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात, तेही सेटिंग्जमध्ये वाढवून घेतले तर.

समोरून इमोजी आला तर? त्यांच्यापेक्षा एक पायरी खाली राहायचं. त्यांनी तीन पाठवले तर आपला एक, तोही मुद्दा संपल्यावर, ओळीच्या शेवटी. त्यांनी एकही पाठवला नसेल तर आपलाही नाही. उत्तर एका शब्दाचं असेल तर शेवटचा पूर्णविराम सोडला तरी चालतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या 2015 च्या अभ्यासात, मोबाईल मेसेजमधली पूर्णविराम दिलेली एकशब्दी उत्तरं वाचणाऱ्यांना कमी मनापासूनची वाटली होती. तो अभ्यास इंग्रजीचा, पण "ठीक आहे." आणि "ठीक आहे, बघते" शेजारी ठेवून पाहा.

👍 बद्दल मात्र मी कडक आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात जवसाच्या खरेदीचा करार फोटो काढून मेसेजवर पाठवला गेला, शेतकऱ्यानं नुसता 👍 टाकला, आणि 2023 मध्ये न्यायालयानं ती संमती धरून त्याला 82,000 कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. "फोटो मिळाला, एवढंच म्हणायचं होतं" हे त्याचं म्हणणं टिकलं नाही. म्हणून क्लायंटनं बदलांची यादी किंवा रक्कम पाठवली की मी अंगठा दाखवत नाही. "मिळालं, वाचून उद्या दुपारपर्यंत कळवते" किंवा "मान्य आहे, सुरू करते", यातलं जे खरं असेल ते लिहिते. दोन्ही वाक्यं पुरेशी गोड आहेत.

शुक्रवारी उत्तर आलंच नाही, तर आठवणीच्या मेसेजमध्ये जुनी सवय पुन्हा डोकं वर काढते: "मॅडम?? 🙈". त्याऐवजी, "नमस्कार मॅडम, होमपेज पाहायला वेळ मिळाला का? नसेल तर मंगळवारपर्यंत कळवलंत तरी चालेल, पुढची पानं त्यानुसार घेते." दुसरी मुदत खरोखर परवडत असेल तरच द्यावी.