उत्तर जाईना

पुण्यात घरी बसून मी वायफायचा डबा कपाटावरून टीव्हीमागे हलवत होतो, तेवढ्यात भाचीचा फोन आला. वेल्ह्याकडच्या तिच्या गावात घरात रेंज नाही. त्यामुळे तिचा फोन आला की समजायचं, पोरगी टेकडीवर आहे. २०२० चा ऑक्टोबर. कॉलेजं बंद, शेवटच्या वर्षाची परीक्षा मोबाईलवर. सराव पेपर द्यायला ती रोज संध्याकाळी अर्धा तास चढायची.

"मामा, काड्या चार हायेत. प्रश्न दिसतोय, पण उत्तर जाईना."

मी वीस वर्षं टॉवरची कामं केली. सख्ख्या बहिणीच्या गावाला मात्र रेंज नाही, हे दर भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटासोबत ऐकून घेतो. तर या काड्या म्हणजे टॉवरचा आवाज आपल्याला किती ऐकू येतो, तेवढंच. टॉवर वीस-चाळीस वॅटनं ओरडतो. आपला फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटनं कुजबुजतो. प्रश्न खाली येतो तो ओरडण्यातून, उत्तर वर जायचं ते कुजबुजीतून. आपलं बोलणं तिकडे पोचतं का, हे काड्या सांगत नाहीत.

"बसतेस कुठं?"

"पार वर. म्हसोबापाशी."

तिथंच घोळ होता. माथ्यावरून पाण्यापलीकडचे तीन-चार टॉवर सारखेच दिसतात. मग फोन लग्नघरातल्या करवलीसारखा होतो: इकडून हाक आली की इकडे, तिकडून आली की तिकडे, आणि काम एकही धड नाही. दर उडीत नेट अडखळतं. शिवाय लांबच्या टॉवरला ऐकू जावं म्हणून फोन जीव तोडून बोलतो आणि बॅटरी संपवतो.

तिला म्हटलं, माथा सोड. थोडी खाली ये, एकाच टॉवरच्या समोर, बाकीचे डोंगराआड जातील अशी. तोंड टॉवरकडे ठेव. पाठ केलीस तर तुझंच अंग आड येतं. दुसरं सिम काढून ठेव, मध्येच त्यावर कॉल आला तर नेट तुटायचं.

तीन संध्याकाळी तिनं जागा शोधण्यात घालवल्या. सापडली ती करवंदीच्या जाळीमागे, एका कातळावर. काड्या दोनच, पण उत्तर जायचं. "दोन काड्यांत जातंय, मामा!" हे तिनं अशा सुरात सांगितलं, जणू चूक माझीच होती.

पेपर पाच ते सहा. सव्वासहाला फोन वाजला.

"गेली."

"कोण गेली?" बहिणीच्या घरची म्हातारी म्हैस आजारी होती.

"उत्तरं! समदी गेली. आता ठेवते, दोनच टक्के ऱ्हायलीत."

फोनचा टॉर्च लावायची सोय उरली नव्हती. खाली वाटेवर तिचा भाऊ टॉर्च घेऊन उभा होता म्हणे, आणि सोबत शेजारची दोन पोरं. पुढच्या पेपरला त्यांनाही तो कातळ हवा होता.