स्वतःला अहो-जाहो

आयोजकांचा मेल दोन ओळींचा होता. वेबिनारसाठी तुमचा परिचय पाठवा, तृतीय पुरुषी, 50 शब्दांत. म्हटलं, पाच मिनिटांचं काम. प्रोफाइल तयारच आहे, त्यातूनच उचलायचं. त्यात अख्खी संध्याकाळ गेली.

प्रोफाइलवरचा मजकूर मोजला तर 312 शब्द भरले. सुरुवात अशी: ‘लहानपणापासून मला माणसांच्या सवयींचं कुतूहल वाटत आलं आहे.’ कधीतरी रात्री उशिरा सुचलेलं आणि तेव्हा फार आवडलेलं वाक्य. मागे एकदा मी कंटाळा केला होता आणि एका आयोजकांना सगळं प्रोफाइल तसंच पाठवून ‘हवं तेवढं घ्या’ म्हटलं होतं. त्यांनी खरोखरच हवं तेवढं घेतलं, म्हणजे वरचे 50 शब्द. कार्यक्रमपत्रिकेत माझं बालपण आलं, कुतूहल आलं, आणि मी नेमकं काय काम करते ते मात्र कात्रीखाली गेलं. त्यांना तरी काय बोलणार? परिचय कापायची वेळ आली की कोणीही खालूनच कापतो. मधलं वाक्य काढून वरचं-खालचं जोडत बसायला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कोणाला वेळ असतो?

म्हणून या वेळी स्वतःच कापायला बसले. आधी ‘मी’ काढला. मराठीत हे नुसतं सर्वनाम बदलून भागत नाही. ‘मी फॉर्मची रचना करते’ याचं काय करायचं? ‘ती फॉर्मची रचना करते’ म्हटलं तर एखाद्या कथेची नायिका खिडकीपाशी उभी असल्यासारखं वाटतं. म्हणजे ‘त्या करतात’ म्हणायला हवं. स्वतःच स्वतःला अहो-जाहो! पहिल्यांदा लिहिताना मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी खोलीचं दार लोटून घेतलं. पण दुसरा मार्ग नाही. हा परिचय माझ्या तोंडून ऐकला जाणार नसतो. सूत्रसंचालक तो वाचणार, आणि ते मला ‘ती’ म्हणणार नाहीत.

भूतकाळात जरा सुटका होते. ‘मी केलं’चं सरळ ‘त्यांनी केलं’ होतं, क्रियापदाला हात लावावा लागत नाही. खरा घोळ घालतो तो ‘माझ्या’. ‘माझ्या टीमसोबत’चं मी आधी ‘त्या त्यांच्या टीमसोबत’ केलं. वाचून पाहिलं तर टीम तिसऱ्याच कोणाची तरी वाटायला लागली. तिथे ‘आपल्या’ हवं. आणि एखादा ‘माझ्या’ तसाच राहून गेला तर काय होतं, तेही मी अनुभवलंय. एका कार्यक्रमात सूत्रसंचालक छान लयीत वाचत होते, ‘त्यांनी अनेक फॉर्म नव्याने तयार केले, आणि माझ्या टीमने...’ इथे ते थांबले. सभागृहात कोणीतरी हसलं. चूक माझी होती, कानकोंडे ते झाले.

आता काय ठेवायचं? प्रोफाइल लिहिताना डोळ्यांसमोर नोकरी देणारा माणूस असतो. त्याला सगळंच दाखवायचं असतं: कोणती सॉफ्टवेअर येतात, कोणते कोर्स केले, दडपणाखाली किती शांत राहते. वेबिनारला बसलेल्या माणसाच्या मनात एकच प्रश्न असतो, या विषयावर या बाईंचं पाऊण तास का ऐकायचं? माझा विषय होता ऑनलाइन फॉर्म भरताना लोक कुठे अडकतात हा. हा प्रश्न हातात धरून एकेक वाक्य तपासलं तेव्हा कोर्स गेले, सॉफ्टवेअर गेली, शांत राहणं तर पहिल्याच फेरीत गेलं. एका पुरस्काराशी मी बराच वेळ घुटमळले. तो मिळाला होता तो सादरीकरणासाठी, फॉर्मशी त्याचा काही संबंध नव्हता. शेवटी डोळे मिटून काढून टाकला.

‘गेली अकरा वर्षे’ हेही बदललं. असले शब्द परिचयात शिळे होतात. हाच मजकूर दोन वर्षांनी कोणीतरी जुन्या मेलमधून शोधून काढणार, आणि मी तेव्हाही अकराच वर्षं काम करत असणार. त्याऐवजी ‘2014पासून’ लिहिलं की पुढची बेरीज वाचणारा करतो. ‘विविध क्षेत्रांत भरीव अनुभव’ हे वाक्य मात्र काढवत नव्हतं, कारण ते वजनदार वाटत होतं. पण ते कोणाच्याही परिचयात चालेल, म्हणजे माझ्याबद्दल काहीच सांगत नाही. त्या जागी क्षेत्रांची नावंच घातली. शब्दही कमी लागले.

शेवटी हे उरलं:

‘(नाव) या ऑनलाइन फॉर्मची रचना आणि चाचणी करतात. विमा, बँका आणि रुग्णालयांसाठी त्यांनी 2014पासून चाळीसहून अधिक फॉर्म तयार केले आहेत. फॉर्म भरताना माणूस नेमका कोणत्या रकान्यापाशी थांबतो, हे त्या वापरणाऱ्यांच्या शेजारी बसून पाहतात. दृष्टिहीन व्यक्तींना स्क्रीन रीडरच्या मदतीने भरता येतील असे फॉर्म हा त्यांचा मुख्य विषय आहे.’

सत्तेचाळीस शब्द. दोनदा मोठ्याने वाचले, कारण डोळ्यांना न बोचणारं जिभेला बोचतं. आधी ‘दृष्टिहीन-अनुकूल अर्जरचना’ असं लिहिलं होतं. कागदावर रुबाबदार दिसत होतं, पण वाचताना माझीच जीभ अडखळली. मग परक्या सूत्रसंचालकांचं काय झालं असतं? मोठ्याने वाचल्यावर आणखी एक कळलं, की आडनावाचा उच्चार लोक हमखास चुकवतात. तो परिचयात कोंबायचा नाही, मेलमध्ये वेगळ्या ओळीत कळवायचा.

पाठवायला गेले तर मेलखाली लिंक होती. परिचय फॉर्ममध्येच भरायचा होता, आणि तिथली मर्यादा शब्दांची नव्हती, 300 अक्षरांची होती. चिकटवला, तर शेवटचं वाक्य मध्येच तुटलं. आता हा तर माझाच प्रांत. असली चौकट ‘अक्षर’ म्हणजे आपण मानतो ते अक्षर मोजत नाही. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त असं प्रत्येक चिन्ह ती वेगळं धरते. ‘स्त्री’ हा शब्द आपल्या लेखी एका अक्षराचा, तिच्या लेखी सहांचा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. मराठी माणसाची मर्यादा त्यामुळे लवकर भरते. फॉर्ममध्ये लोक कुठे अडकतात यावर बोलायला निघालेली बाई परिचयाच्याच रकान्यात अडकली. त्या वेबिनारला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

आयोजकांना मेल केला, पूर्ण परिचय सोबत जोडला. उत्तर लगेच आलं. ‘छान आहे. मर्यादा वाढवतो. पण पोस्टरवर फोटोखाली जागा कमी आहे, 20 शब्दांत मिळेल का?’

पहिली दोन वाक्यं उचलली. मोजली, बरोबर वीस भरली. बालपणाची आठवणही न काढता पाठवून दिली.