आठवीतला 'शेतीच करणार' : मेंटॉर म्हणून माझा अनुभव

आठवीतल्या मुलाला "पुढे काय होणार?" असं विचारलं की आपण त्याच्या ओळखीच्या प्रश्नाला हात घातला असं वाटतं. पण पुष्कळदा मूल त्याच्या एक टप्पा मागेच अडकलेलं असतं.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने १९५० मध्ये माणसाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. चौथा साधारण सहा ते बारा वर्षांचा. तिथे मुलाचा प्रश्न असतो, "मला काही जमतं का?" पाचवा साधारण बारा ते अठराचा, तिथला प्रश्न, "मी कोण?" सहावी ते आठवीचे वर्ग नेमके या दोहोंच्या सांध्यावर येतात. आणि बारा वर्षं पूर्ण झाली म्हणून चौथ्या टप्प्याची बाकी फिटत नाही. "आपल्याला जमत नाही" हे घेऊनच मूल पाचव्यात शिरतं.

म्हणून पहिली भेट मी करिअरवर घेत नाही. वर्गात तर विचारतच नाही, कारण सगळ्यांसमोर एकाने "पोलीस" म्हटलं की मागच्या चार बाकांवरून तेच येतं. पंधरा मिनिटं, एकट्याशी, व्हरांड्यात किंवा मैदानाच्या कडेला बसून. घरी अहिराणी बोलणारं मूल प्रमाण मराठीत दोन शब्दांत उत्तर देतं. त्याला अहिराणीत बोलू दिलं की वाक्यं लांबतात.

यावल-रावेर पट्ट्यातल्या केळीवाल्या घरातला एक मुलगा ठामपणे म्हणाला, "शेतीच करणार." वरून पाहता हे मूल स्थिरावलेलं दिसतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सियाने १९६६ मध्ये एरिक्सनच्या पाचव्या टप्प्याचे दोन धागे वेगळे काढले: पर्याय चाचपले का, आणि निर्णय घेतला का. चाचपणी न करताच घेतलेल्या निर्णयाला तो वेगळ्या खान्यात ठेवतो. त्यामुळे मी दोन प्रश्न विचारतो. दुसरं काही कधी मनात आलं होतं का? आणि याहून बरं काही मिळालं तर हे सोडशील का?

पहिल्याला तो "नही" म्हणाला. दुसऱ्यावर थोडा थांबला आणि म्हणाला, "सर, शेतीत गणित नसतं ना." इथे गाठ सापडली. शेती ही त्याची निवड नव्हती, गणितातून निसटायची वाट होती. अशा मुलाला स्वप्नं दाखवणारं भाषण देऊन उपयोग नसतो. ज्याला "जमत नाही" असं वाटतं तो "मला नको" असं म्हणतो, कारण तसं म्हणायला लाज कमी वाटते.

मग अपूर्णांकांची बारा उदाहरणं दिली. तीन बरोबर आली. चुकांत एकच साचा होता: १/२ + १/३ = २/५, म्हणजे वरच्यात वरचा आणि खालच्यात खालचा मिळवायचा. मी विचारलं, अर्धं पोतं युरिया आहे, त्यात आणखी एक तृतीयांश टाकला, तर पोतं अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं? (२/५ हे अर्ध्याहून कमी.) तो हसला. मग पोत्याचे सहा भाग पाडले: अर्ध्याचे तीन, तृतीयांशाचे दोन, मिळून ५/६. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं, सहा आठवडे, एवढंच काम केलं. शेवटी बारापैकी नऊ आली.

इथे चूक होते ती कौतुकात. "हुशार आहेस" म्हटलं की पुढच्या चुकीला तो पुन्हा ढ ठरतो. "छेद सारखे करून घेतलेस म्हणून आलं" असं नेमकं सांगितलं तर जमल्याचा पुरावा त्याच्या हातात राहतो. दुसरी अडचण कापूस वेचणीची. दिवाळीच्या आसपास काही मुलं सलग गैरहजर राहतात, आणि आलेल्या दिवशी त्यांना नवीन उदाहरण दिलं तर मिळालेला धीरही जातो. आधी जुनंच एक सोडवून घ्यायचं.

पाचव्या टप्प्याचे प्रश्न यानंतर. तेच दोन पुन्हा विचारले. या वेळी उत्तर बदललं नाही, पण त्यात तपशील आला: ठिबकच्या नळ्या कोण बसवतो, त्याला किती मिळतात, दहावीनंतर कृषी तंत्रनिकेतनला जाता येतं का. मी होकार-नकार काही दिला नाही. ठिबक बसवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर रविवारी दोन तास बसायला सांगितलं आणि तीन प्रश्न लिहून न्यायला लावले. त्याच्या वडिलांना फक्त एवढंच कळवलं की रविवारी तो कुठे असेल. मुलाच्या मनात अजून चाचपडत असलेली गोष्ट घरी ठराव म्हणून पोचली, तर मुलगा पुढच्या भेटीत तोंड उघडत नाही.

मार्सियाचे खाने हजेरीपटात लिहू नयेत. त्याने ते कॉलेजच्या मुलांशी बोलून बसवले; तेरा वर्षांच्या मुलाने चाचपणी केलेली नसणं हा दोष नव्हे, वयच तसं असतं. मुलींच्या बाबतीत तर आणखी सांभाळून. "घरचे ठरवतील" हे उत्तर कधी तिचं असतं, कधी फक्त घरची वस्तुस्थिती. तिथे मी करिअर विचारतच नाही. विज्ञान प्रदर्शनात कुठला प्रयोग, गटात कुणाबरोबर, एवढ्या लहान निवडी तिच्याकडे सोपवतो आणि ती त्या करते की दुसऱ्याकडे ढकलते हे पाहतो.