‘टाळता का?’ च्या कॉलममध्ये मी सगळीकडे शून्य लिहिलं होतं

आधीच सांगतो, माझा राग एका फॉर्मवर आहे, आणि तो फॉर्म मला हातात देऊन स्वतः कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसलेल्या पहिल्या काउन्सेलरवर. दोन वर्षं वाया गेली त्यात.

फॉर्म तसा नावाजलेला आहे, लिबोविट्झ स्केल म्हणतात त्याला, सोशल अँग्झायटी म्हणजे लोकांत वावरताना वाटणारी भीती किती आहे ते मोजायचा, १९८७ पासून वापरात आहे. २४ प्रसंग दिलेले असतात: अनोळखी माणसाशी बोलणं, मीटिंगमध्ये तोंड उघडणं, कुणी बघत असताना लिहिणं, आधीच सगळे बसलेत अशा खोलीत शिरणं, घेतलेली वस्तू दुकानात परत करणं वगैरे. प्रत्येकापुढे दोन कॉलम, भीती किती वाटते आणि टाळता किती, दोन्हीला ० ते ३ मार्क. म्हणजे जास्तीत जास्त १४४. भीतीच्या कॉलममध्ये मी बहुतेक ठिकाणी धडाधड २ आणि ३ लिहीत गेलो. पण टाळण्याच्या कॉलमशी आल्यावर मला चक्क अभिमान वाटला हो! मी काहीच टाळत नव्हतो ना. मीटिंगला रोज जायचो, लग्नाकार्याला जायचो, बॉससमोर उभा राहायचो. मग शून्य, शून्य, शून्य. एकूण ४७ आले आणि साहेब म्हणाले, तुम्ही जाता ना सगळीकडे? मग झालं तर. स्वभाव लाजाळू आहे तुमचा, थोडे इंट्रोव्हर्ट आहात, लोकांत मिसळत राहा, सवय होईल.

मिसळत तर होतोच की! दहा वर्षं मिसळत होतो. सवयीनेच जायचं असतं तर एव्हाना गेलं नसतं का?

लाजाळू माणूस कसा असतो ते मला घरातच माहितीये. माझा चुलतभाऊ नवीन लोकांत पहिली दहा-पंधरा मिनिटं खाली मान घालून बसतो, मग कुणीतरी क्रिकेटचा विषय काढतं आणि त्यानंतर त्याला गप्प करावं लागतं. इंट्रोव्हर्ट म्हणजे माझी ताई. तिला बोलावलं तर ‘नाही जमणार’ सांगून मोकळी होते, घरी पुस्तक घेऊन पडते आणि रात्री शांत झोपते. गेलीच तर छान बोलते, फक्त दमते. माझं म्हणजे मला जायचं असायचं, मनापासून असायचं, पण आठ दिवस आधीपासून पोटात गोळा, तिथे असताना घाम, आणि परत आल्यावर रात्री दोनपर्यंत ‘मी ते वाक्य असं का बोललो’ याचं पोस्टमॉर्टम. एकदा प्रमोशन आलं होतं, ते मी ‘घरची जबाबदारी आहे’ सांगून नाकारलं. खरं कारण एकच, त्या पोस्टला दर महिन्याला प्रेझेंटेशन होतं. डॉक्टर लोक नेमकं हेच बघतात म्हणे. लोक आपल्याला नावं ठेवतील ही भीती, ती सहा महिने किंवा जास्त टिकलेली, आणि तिच्यामुळे कामात, नात्यात खरंच नुकसान होतंय का. लाजण्याने सहसा एवढं अडत नाही.

दुसऱ्या ठिकाणी नंबर कसा लागला, किती थांबलो ते सोडा. तिथल्या मॅडमनी (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) तोच फॉर्म पुन्हा काढला, मी मनात म्हटलं घ्या, परत तेच. पण त्यांनी पेनाने शेजारी तिसरा कॉलम आखला आणि विचारलं, जाता ते कबूल, पण जाण्यासाठी काय काय करता?

मी आधी काही नाही म्हणालो. मग हळूहळू निघायला लागलं. मीटिंगला दहा मिनिटं आधी जाऊन दाराजवळची खुर्ची धरतो, म्हणजे भरलेल्या खोलीत शिरावं लागत नाही. बोलायचं वाक्य मनात चार वेळा घोकतो. हात थरथरतो म्हणून ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरतो, किंवा पाणीच पीत नाही. घाम दिसू नये म्हणून उकाड्यातही जॅकेट. समोरच्यालाच प्रश्न विचारत राहतो म्हणजे माझ्याबद्दल बोलणं निघत नाही. फोन हातात, नजर फोनमध्ये. कागद भरत गेला, मागची बाजू पण घ्यावी लागली.

याला सेफ्टी बिहेवियर म्हणतात. वेळ निभावून नेतात, पण भीती तशीच जिवंत ठेवतात, कारण मीटिंग बरी गेली की मनाला वाटतं वाक्य घोकलं म्हणून वाचलो. म्हणून दहा वर्षं जाऊनही सवय झाली नव्हती. वर ती उलटतात पण. जॅकेटने घाम वाढतो, घट्ट धरलेला हात जास्त थरथरतो, आणि घोकत बसलेल्या माणसाला समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही, मग लोकांना वाटतं हा शिष्ट आहे.

आणि ती शून्यं? वस्तू परत करण्यापुढे मी शून्य लिहिलं होतं कारण ‘तसा प्रसंगच आला नाही’. मॅडम म्हणाल्या, आला नाही की येऊ दिला नाही? घरात दोन बिघडलेल्या वस्तू तशाच पडून होत्या. प्रसंग आला नसेल तर आला असं समजून मार्क द्यायचे हे त्या फॉर्मच्या सूचनेतच असतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळं नीट भरल्यावर ४७ चे ७९ झाले.

पुढचं काम चौदा आठवडे चाललं, त्यातला ग्लासाचा प्रयोग तेवढा सांगतो. आधी कागदावर लिहायचं की काय होईल. मी लिहिलं, ‘हात थरथरेल, सगळे बघतील, कुणीतरी विचारेल बरं वाटत नाही का’, खात्री ८० टक्के. मग मीटिंगमध्ये ग्लास काठोकाठ भरून, एकाच हाताने उचलायचा, आणि लक्ष हातावर न ठेवता समोरच्यांकडे बघायचं, कोण काय करतंय ते मोजायचं. हात थरथरला. थोडं पाणी टेबलावर सांडलं पण. आठ माणसांपैकी एकाने टिशू सरकवला, तोही स्वतःच्या लॅपटॉपवरची नजर न काढता. बाकीच्यांना पत्ताच नाही. नुसतं ‘मीटिंगला जा’ आणि हे, यात फरक हा आहे की इथे नक्की कुठली भीती तपासतोय ते ठरलेलं असतं आणि कुबडी आधी काढलेली असते. कुबडी ठेवून शंभर मीटिंगा केल्या तरी उत्तर मिळत नाही.

हां, एक राहिलंच, व्हिडिओ. मॅडमनी माझं दोन वेळा बोलणं रेकॉर्ड केलं, एकदा सगळ्या कुबड्यांसकट, एकदा त्याशिवाय. बघायच्या आधी मी कसा दिसत असेन ते लिहून घेतलं. मला वाटत होतं लालबुंद, थरथरणारा, ततपप करणारा. पडद्यावर पहिल्यातला माणूस आखडलेला, रुक्ष वाटत होता आणि दुसऱ्यातला साधा, जरा घाईत बोलणारा. थरथर शोधून बघावी लागली.

गोळ्यांचं विचारतात लोक. काहींना एसएसआरआय गटातलं औषध देतात, परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, ते सायकियाट्रिस्ट ठरवतात. मी घेतलं नाही, पण ते माझ्यापुरतं.

फॉर्म भरायला मिळाला तर आधी घरच्या माणसाला विचारा ‘मी काय काय करतो’. माझ्या बायकोने त्या यादीत अजून चार गोष्टी टाकल्या, त्यातली एक म्हणजे डिलिव्हरीवाल्याची बेल वाजली की मी बाथरूममध्ये जातो. मला हे खरंच माहीत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात ३६ आले. त्या दोन बिघडलेल्या वस्तूंपैकी एक परत करून आलो. दुसरीची मुदत संपून गेली होती, ते ऐकायलाही मीच काउंटरवर उभा होतो, जॅकेट न घालता.